साइजप्रमाणे: एका पापलेटच्या बिलाचं प्रकरण

ठाण्यातल्या एका मालवणी खानावळीचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न मी भरतो. चौदा टेबलं, नऊ माणसं, आणि गल्ल्यावर स्वतः मालक. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. २१ जुलै २०२५ च्या सोमवारी सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही, थेट, "मी चोर आसंय काय रे?"

आदल्या दिवशी गटारीच्या आधीचा शेवटचा रविवार होता. मासे-मटणाच्या खानावळीत त्या दिवशी काय होतं, हे सांगायला नको. दारात वीस-पंचवीस माणसं ताटकळत उभी असतात आणि आत प्रत्येक टेबलावर कुणीतरी रस्सा मागत असतो. त्याच दुपारी जेवून गेलेल्या चार जणांच्या कुटुंबातल्या मुलाने रात्री अकराला गूगलवर एक तारा दिला आणि बिलाचा फोटो जोडला. मजकूर थोडक्यात असा: मालवणी जेवण की दरोडा? एका पापलेटचे १,४५०, तेच फेब्रुवारीत ७५० ला खाल्लं होतं. २० ची पाण्याची बाटली ३० ला. वर न विचारता सर्व्हिस चार्ज, आणि विचारलं तर उत्तर, 'तो सगळ्यांना द्यावाच लागतो'. चव चांगली असेल, पण नीयत नाही. येऊ नका.

मी पोचलो तेव्हा काकांनी उत्तर लिहून ठेवलं होतं. वहीच्या पानावर, बॉलपेनने, शब्दाखाली रेघा मारून. 'मेन्यूवर साइजप्रमाणे असं स्पष्ट छापलं आहे, वाचता येत नसेल तर विचारावं. पापलेट म्हणजे बांगडा नाही. तुमच्या वडिलांनीच "मोठं बघून आणा" असं सांगितलं होतं. आमची चाळीस वर्षांची इज्जत तुमच्या एका ताऱ्याने जाणार नाही. शेजारच्या हॉटेलवाल्याने किती पैसे दिले?'

काकांचा भाचा कॉलेजात आहे, त्याचे दोन सल्ले तयार होते. मित्रांकडून तीस पाच-तारे टाकून घ्यायचे, म्हणजे हा खाली जाईल. नाहीतर त्या माणसाला फोन करून चौघांचं जेवण फुकट द्यायचं, बदल्यात रिव्ह्यू काढून घ्यायचा. दोन्ही गूगलच्या नियमात बसत नाहीत. खोटे रिव्ह्यू तर नाहीतच, पण वाईट रिव्ह्यू बदलावा किंवा काढावा म्हणून पैसे, सूट किंवा फुकट माल देऊ करणंही नाही. शिवाय तसा मेसेज त्या माणसाने फोटो काढून खाली चिकटवला असता, तर एका दरोड्याचे दोन झाले असते.

मी म्हटलं, उत्तर नंतर लिहू. आधी बिल वाचू.

दोन सुरमई थाळ्या ४५० प्रमाणे ९००. कोंबडी वडे ३८०. जास्तीच्या दोन भाकऱ्या ६०. चार सोलकढ्या २४०. दोन बाटल्या पाणी ६०. पापलेट तवा फ्राय १,४५०. बेरीज ३,०९०. त्यावर ५ टक्के सर्व्हिस चार्ज १५४.५०. या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, आणि शेवटी ३,४०७.

'जास्त घेतले' अशी तक्रार क्वचितच एक तक्रार असते. इथे तीन होत्या, आणि तिन्हींची जात वेगळी. एक आमची सरळ चूक होती. एकात आकडा बरोबर पण पद्धत चूक होती. आणि एकात आम्ही बरोबर होतो. तिन्हींना एकच उत्तर दिलं असतं, मग ते 'माफ करा' असो की 'मेन्यू वाचा', तर ते दोन ठिकाणी तरी खोटं पडलं असतं.

सोपी तक्रार आधी घेतली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलला बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावता येत नाही, दुसऱ्या नावाने घेता येत नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावं लागतं, आणि तो जेवणाच्या बिलात मिळवून वर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने सूचना कायम ठेवल्या. हे मी काकांना एप्रिलमध्येच सांगितलं होतं. त्यांनी 'बघू' म्हटलं आणि बिलिंगच्या मशिनमध्ये ती ओळ तशीच राहिली. मीही पुन्हा पाठपुरावा केला नाही, हे इथे कबूल केलेलं बरं. म्हणजे १५४.५० घ्यायला नको होते, आणि 'द्यावाच लागतो' हे सांगणं त्याहून वाईट. यावर बचाव नव्हताच.

परत करायचे १५४.५० आणि त्यावरचा ७.७२ जीएसटी, मिळून १६२.२२. मशिनवर बिलातला जीएसटीचा एकूण आकडाही १६२.२२ च होता. काका भडकले, "जीएसटी कित्याक परत द्यायचो? तो तर सरकारचो!" दोन्ही दर ५ टक्के असल्यामुळे आकडे जुळले होते, एवढंच. ३,०९० चे ५ टक्के काढून त्यावर ५ टक्के चढवा, नाहीतर आधी ५ टक्के चढवून मग ५ टक्के काढा, उत्तर एकच येतं. हे समजावण्यात दहा मिनिटं आणि एक चहा गेला.

आता पापलेट. स्वयंपाकघरात गेलेल्या चिठ्ठीवर 'पापलेट १, मोठं' एवढंच लिहिलेलं. वजन नाही, दर नाही. सुदैवाने काकू सकाळच्या खरेदीची वही काटेकोर ठेवतात. त्या दिवशी मोठं पापलेट १,६०० रुपये किलोने आलं होतं, आणि मोठ्यांमध्ये उरलेलं हे शेवटचं, कच्चं ४८० ग्रॅम. म्हणजे मासाच ७६८ रुपयांचा. त्यावर साफसफाई, मसाला, तेल, गॅस, पगार, भाडं. १,४५० हा दर मालवणी खानावळीच्या हिशेबात चढा नव्हता. उलट थाळीपेक्षा यात सुटतं कमीच. फेब्रुवारीत ७५० ला जाणारं पापलेट अडीचशे-तीनशे ग्रॅमचं असायचं, आणि तेव्हा आपल्या बोटी समुद्रात असतात. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर मासेमारीबंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला उठते, म्हणून जुलैत तिकडचा माल बर्फात भरून येतो आणि त्याचा दर वेगळा असतो. खाणाऱ्याला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. त्याला 'पापलेट तवा फ्राय' ही ओळ आठवते आणि ७५० हा आकडा.

पण खानावळीचा स्वतःचा एक जुना नियम आहे: साइजप्रमाणे मासा असेल तर कच्चा मासा ताटलीत घालून टेबलावर न्यायचा, दाखवायचा, दर सांगायचा, हो म्हटलं की तव्यावर. त्या रविवारी ताटली गेली नाही. वेटरला विचारलं तर तो म्हणाला, त्या मुलाचे वडील म्हणाले मोठं बघून आणा, मी आणलं. खरं होतं. काकांना हाच हुकमी पत्ता वाटत होता.

'साइजप्रमाणे' हा शब्द दर नाही, दर नंतर सांगू असं दिलेलं वचन आहे. ते न पाळता बिलात आकडा टाकला, की आकडा कितीही रास्त असला तरी समोरच्याला तो फसवणुकीसारखाच दिसतो. आणि त्याने काय चुकीचं पाहिलं? 'मोठं' म्हणजे किती मोठं आणि किती रुपयांनी मोठं, हे ठरवायची संधी त्याला मिळालीच नाही.

मग परत किती द्यायचे, यावर दुपार गेली. काका म्हणत एक पैसा नाही, मेल्यान खाल्ल्यान आणि आता बोंबलता. भाचा म्हणे पूर्ण १,४५० देऊन टाका, वाद मिटेल. पूर्ण देणं मला पटत नव्हतं. मासा ताजा होता, खाल्ला गेला, आवडला. तो फुकट दिला तर आपणच मान्य करतो की १,४५० हा आकडा मनगढंत होता. ग्राहकाच्या मनात ७५० होते, आणि ते त्याने स्वतः लिहिलं होतं. त्याने संमती दिली असं मानायचंच झालं तर ती ७५० ला. वरचे ७०० आपण न विचारता घेतले. तेवढे परत. खानावळीला मासा खरेदीच्याही अठरा रुपये खाली पडणार होता, आणि तो ताटली न नेण्याचा खर्च होता.

सातशेंवर ३५ रुपये जीएसटी घेतला होता, तोही द्यायचा. हे बरेच जण विसरतात आणि मग ग्राहक दुसऱ्यांदा लिहितो की परताव्यातही पैसे खाल्ले. दुकानाला त्यात तोटा नाही: क्रेडिट नोट काढली की त्या महिन्याच्या विक्रीतून रक्कम वजा होते आणि तेवढा कर भरावा लागत नाही. नवा हिशेब असा झाला: जेवण २,३९०, जीएसटी ११९.५०, एकूण २,५०९.५०. भरले होते ३,४०७. फरक ८९७.५०, म्हणून ८९८ परत.

राहिली पाण्याची बाटली. इथे मी ताठ होतो, काका मऊ. ते म्हणाले, वीस रुपड्यांसाठी कशाला? मेन्यूवर ३० छापलेले होते. आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे की हॉटेलात बसवून दिलेलं बाटलीबंद पाणी ही दुकानातली साधी विक्री नाही, त्यात जागा, सेवा, टेबल असं सगळं येतं, त्यामुळे छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर मापनशास्त्राच्या कायद्याचा भंग होत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की तिन्ही मुद्द्यांवर पैसे परत केले तर वाचणाऱ्याला वाटेल, हे फक्त तोंड बंद करतायत. एका ठिकाणी 'इथे आम्ही बरोबर आहोत' म्हटलं, तरच बाकी दोन ठिकाणच्या 'आम्ही चुकलो'ला वजन येतं. अर्थात याला एक टोचणारी बाजू होती, आणि ती मला तेव्हा सुचली नाही, काकूंना सुचली. बाटली महाग कशाला, तर त्यात सेवा धरली आहे. मग त्याच बाटलीवर पुन्हा सर्व्हिस चार्ज कशाचा? निदान तो चार्ज आपण परत करत होतो, म्हणून निभावलं.

मंगळवारी सकाळी हे उत्तर गेलं:

'नमस्कार. २० जुलैच्या तुमच्या बिलाची आमच्याकडची प्रत आणि त्या दिवशीची खरेदीची वही काढून पाहिली.

सर्व्हिस चार्जबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. तो न विचारता लावायला नको होता, आणि तो द्यावाच लागतो हे तुम्हाला सांगणं साफ चूक होतं.

पापलेट ४८० ग्रॅमचं होतं आणि त्या दिवशीच्या आमच्या दराने त्याचे १,४५० होतात. पण मासा तव्यावर टाकण्याआधी दाखवून दर सांगायचा हा आमचा नियम आहे, तो त्या दिवशी आम्ही पाळला नाही. न सांगितलेला दर तुमच्याकडून घेणार नाही. तुम्ही आधी दिलेले ७५० धरून वरचे ७०० परत करत आहोत.

पाण्याच्या बाटलीचे ३० रुपये मेन्यूवर छापलेले आहेत, ते तसेच ठेवत आहोत. गाळलेलं पाणी आमच्याकडे फुकट मिळतं, ते हवं का हे मात्र विचारायला हवं होतं.

सर्व्हिस चार्ज, ७०० रुपये आणि दोन्हींवरचा जीएसटी मिळून ८९८ रुपये, तुम्ही ज्या यूपीआय खात्यातून पैसे दिले त्याच खात्यात गुरुवार २४ जुलैच्या संध्याकाळपर्यंत येतील. त्यासाठी तुम्हाला काही करावं लागणार नाही, आणि तुमच्या रिव्ह्यूत बदल करावा अशी अपेक्षाही नाही. आजपासून आमच्या बिलात सर्व्हिस चार्ज नाही.'

खाली काकांचं नाव आणि 'मालक'.

यात काय नाही, ते ठरवायला जास्त वेळ लागला. वडिलांचं 'मोठं बघून आणा' आम्ही काढलं. ते खरं होतं, पण चारचौघांत ते लिहिणं म्हणजे मुलाला सांगणं की चूक तुझ्या बापाची. त्यावर तो गप्प बसला नसता आणि बसावं अशी अपेक्षाही करता आली नसती. 'वेटर नवीन होता' हेही काकांना घालायचं होतं. तो नवीन नव्हताच, तीन वर्षं जुना होता. आणि नवीन असता तरी वाचणाऱ्याने त्याचं काय करायचं? 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर' ही ओळ भाच्याने दोनदा घातली, मी दोनदा खोडली. गैरसोय झालीच नव्हती, पैसे गेले होते.

आणि 'आम्हाला या नंबरवर फोन करा, आपण बोलून मार्ग काढू' हे वाक्य. जवळजवळ प्रत्येक हॉटेलच्या उत्तरात ते असतं, आणि वरवर सभ्य दिसतं. पण ज्याचे पैसे गेले त्यालाच ते आणखी एक काम लावतं. वाचणाऱ्याला तर पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. आमच्याकडे बिलाचा फोटो होता, बिल नंबर होता, यूपीआयचा व्यवहार सापडला होता. मग फोन कशाला? रक्कम, मार्ग आणि वार लिहिला की दिलेला शब्द कुणालाही तपासता येतो. बिल नंबर सापडलाच नसता, रोखीने दिलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा ओळख पटवण्यापुरता नंबर मागावाच लागतो. पण तेव्हाही बिल दाखवलं की किती परत मिळणार, तो आकडा उत्तरातच असायला हवा.

एक धोका मी काकांना आधीच सांगितला होता. वार लिहून तो चुकवला, तर न लिहिण्यापेक्षा वाईट. कार्डाच्या मशिनच्या अ‍ॅपमधून मूळ व्यवहारावरच परतावा टाकता येतो. मंगळवारी दुपारी टाकला, बुधवारी जमा झाल्याचं दिसलं. गुरुवार हा मुद्दाम घेतलेला सैल वायदा होता.

खर्च ८९८ वर थांबला नाही. उत्तर जगाला दिसत होतं, तसं ते जुन्या ग्राहकांनाही दिसलं. पुढच्या दोन आठवड्यांत चार जण जुनी बिलं घेऊन आले: आमचाही सर्व्हिस चार्ज द्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. दिले. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

खरी ओढाताण आत होती. सर्व्हिस चार्जची रक्कम महिन्याअखेर नऊ जणांत वाटली जायची, माणशी साधारण पाच हजार. ओळ मशिनमधून काढली त्या संध्याकाळीच वेटरांनी विचारलं, आमचं काय? आपले दर आपण ठरवायला हॉटेलला कुणीच अडवत नाही. अडवतात ते दर एक छापून बिलात वेगळी भर घालण्याला. थाळी ४५० ची ४७० झाली, बाकीचे पदार्थही त्याच मापाने वाढले, आणि माणशी रक्कम पगारात गेली. ग्राहकाच्या खिशातून जाणारे पैसे जवळपास तेवढेच राहिले, हे खरंच आहे. फरक एवढाच की आता ते बसण्याआधी दिसतात. सुरुवातीचे दोन आठवडे थाळ्या थोड्या कमी गेल्या. त्यात नव्या दराचा भाग किती आणि श्रावणाचा किती, हे मला सांगता येणार नाही.

पापलेटसाठी दारात पाटी लागली: लहान, मध्यम, मोठं, प्रत्येकापुढे त्या दिवशीचा दर खडूने. स्वयंपाकघरात जाणाऱ्या चिठ्ठीवर आता ग्रॅम आणि रुपये लिहिल्याशिवाय काकू मासा तव्यावर टाकत नाहीत. पहिल्याच रविवारी त्यांनी एक चिठ्ठी परत पाठवली आणि वेटरशी वाजलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातून निघालेली कामाची गोष्ट ती. पाण्याची बाटली सप्टेंबरात काकांनी आपणहून २० ची केली. मी बरोबर होतो म्हणे, पण रोज कुणीतरी त्यावरून तोंड वाकडं करतं आणि ते त्यांना गल्ल्यावर बसून बघवत नाही.

तो एक तारा हलला नाही. रिव्ह्यू आजही तिथेच आहे, दरोड्यासकट. ऑगस्टच्या मध्यावर त्याखाली एक ओळ वाढली: 'पैसे सांगितलेल्या दिवसाच्या आधी परत आले. पापलेट चांगलं होतं, पण १,४५० मला अजूनही जास्त वाटतात.'

काकांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला. "जास्त आसतच," ते म्हणाले. "पापलेट आसा ता."